संडास, बाथरूम, वॉशरूम: शब्द इतक्या लवकर का बाटतात?

माजघर: आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ रखवालदारांसाठी संडास आहे. दारावर आधी 'शौचालय' होतं, मग 'स्वच्छतागृह' झालं. आता रंगकाम निघालंय, तर समिती म्हणते 'प्रसाधनगृह' लिहू. आत एक भांडं आणि एक नळ, साधा आरसाही नाही. प्रसाधन म्हणजे नटणं-मुरडणं ना? खोली तीच आहे, मग पाटी का बदलावी लागते?

शेंडेफळ: इंग्रजी शाळांचं खूळ, दुसरं काय! आपले आजी-आजोबा सरळ बोलायचे.

जुनी वही: कुठलं सरळ? 'परसाकडे' म्हणजे घरामागच्या आवाराकडे, 'बहिर्दिशेला' म्हणजे बाहेरच्या बाजूला. कशासाठी, ते दोन्हींत नाही. 'शौच' तर मुळात शुद्धता. पतंजलींच्या पाच नियमांत पहिला शौच. 'लघवी'ही लघुशंकेच्या लघूतून आलेली. हे सगळे एकेकाळचे पडदेच आहेत.
तुमच्या समितीने मात्र फ्रेंचांची वाट जशीच्या तशी धरली आहे. त्यांचा 'त्वालेत' म्हणजे आधी लहानसं कापड, मग नटायच्या टेबलावरचं कापड, मग नटणं, मग नटायची खोली. त्याच शब्दाचं इंग्रजीत टॉयलेट झालं, आणि आज तो शब्द ऐकून कोणाला पावडरचा डबा आठवत नाही.

धाकटीची आई: आमच्याकडे बाईंनी वर्गात सांगितलं, 'बाथरूम' म्हणायचं नाही, 'वॉशरूम' म्हणा. परवा लग्नाच्या पंगतीत धाकटी मोठ्याने ओरडली, "आई, मला वॉशरूम लागलीय!" शेजारच्या काकूंच्या हातातली जिलबी तशीच राहिली. शी-शू बरं होतं की.

जुनी वही: तुमच्या लेकीने चर्चेचं उत्तरच दिलं. 'लागलीय' बघा. खोली लागत नाही, लघवी लागते. 'संडास'चंही हेच झालं. 'आम्ही संडास बांधला' इथे तो पुल्लिंगी, खोली. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "संडास साफ होते का?" इथे ती स्त्रीलिंगी, आणि खोलीचा संबंध उरलेला नाही. 'बाथरूम झाली' तसंच.
आडून बोलण्यासाठी आपण जागेचं नाव घेतो. ते त्याच कामासाठी रोज वापरलं की नाव जागेवरून क्रियेवर आणि क्रियेवरून वस्तूवर सरकतं. लिंग बदललं की समजायचं, पडदा फाटला, नवा शोधा. 'वॉशरूम लागली' ऐकू आलं म्हणजे तिचीही घटका भरत आली. हे लिंग लघवी-शीवरून आलं असावं, हा मात्र माझा तर्क.

शेंडेफळ: बरं, सगळं खापर इंग्रजीवर नको. पण मग उघड शब्दच वापरला तर? तो तरी बाटणार नाही.

गावकूस: तसं झालंय की. 'हागणदारीमुक्त गाव' ही सरकारी पाटी आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यानंतर हा शब्द ग्रामसभेत सर्रास आला. हिंदीवाल्यांनी 'खुले में शौच' असं सोवळ्यात ठेवलं. साधारण त्याच सुमारास बांगलादेशात कमल कर यांनी गावं हागणदारीमुक्त करायची जी पद्धत सुरू केली, तिच्यातही गावकऱ्यांशी बोलताना मुद्दाम तिथला रोकडा शब्दच वापरायचा असतो. किळस यावी, हाच हेतू.
आमच्या सरपंचबाई पहिल्यांदा तो शब्द माईकवर बोलल्या तेव्हा मागची पोरं फिदीफिदी हसली. वर्षभराने कोणी मान वर करून बघेना. आणि पहाटे टमरेलवाल्यांना पकडणाऱ्या पथकाचं नाव काय, तर 'गुड मॉर्निंग पथक'! उघड शब्दाच्या शेजारीच नवा पडदा.

माजघर: मग नारळ 'वाढवणं' का बाटत नाही? फोडणं, फुटणं नको म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या 'वाढवला' म्हणतो. बांगडी वाढवली, दिवा वाढवला. निघताना 'येतो' म्हणतो. यातलं काहीच बदललं नाही.

जुनी वही: मला वाटतं तिथे भीती आहे, इथे लाज आणि घाण. अशुभ टाळायला उलट अर्थाचा शब्द घेतला की तो मंत्रासारखा होतो, आणि मंत्र कोणी बदलत नाही. लाजेचा शब्द मात्र चारचौघांत नवाच शोभतो.

गावकूस: पूर्ण पटत नाही. 'कावळा शिवला'मध्ये विटाळाची भीतीही होती. तरी तो गेला, 'पाळी' आली, आता 'पिरियड्स'.

जुनी वही: हा मुद्दा अडचणीचा आहे खरा. विचार करतो.

धाकटीची आई: ते राहू द्या, पाटीवर काय लिहिलं शेवटी?

माजघर: अजून कोरीच आहे. रखवालदारकाका कुलूप लावत होते तेव्हा त्यांनाच विचारलं, तुम्ही काय म्हणता याला? म्हणाले, "मी तर सांगतो, जरा मागे जाऊन येतो." संडास फाटकाच्या पुढे आहे.