हरभट रोडवर अडवणाऱ्या देणगीवाल्यांना काय सांगायचं?

पेठेतला_बाळू: काल बॅजवाल्या पोरानं आडवा हात केला. "सर, एकच मिनिट! लहान मुलं आवडतात ना?" या लोकांना कसली माणुसकी दाखवायची? तोंड फिरवायचं आणि चालू लागायचं.

माजी_बॅजवाली: पुण्यात मी हेच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. पगार एजन्सी द्यायची आणि टार्गेट दरमहा देणाऱ्यांचं असायचं. म्हणून कुणी रोख शंभर पुढे केले तरी आमचा चेहरा खुलायचा नाही. तोंड फिरवणाऱ्यांचं काही वाटायचं नाही. आमची खरी गिऱ्हाइकं म्हणजे कारण सांगणारी माणसं. घाई आहे? "फक्त तीस सेकंद." पैसे नाहीत? "आत्ता नकोतच, पुढच्या महिन्यापासून कापले जातील." घरी विचारतो? "लावा की फोन." प्रत्येक कारणाचं उत्तर पाठ असायचं. "आज नको" म्हणालात तर उद्याचं बोलणं सुरू.
पाय थांबवू नका. नजर द्या आणि म्हणा, "नमस्कार, मी रस्त्यावर देणगी देत नाही." पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. या वाक्याला आमच्याकडे उत्तर नसायचं.

हिशेबनीस_विश्रामबाग: एवढं कशाला? ८०जीची पावती मागा, खोटे असतील ते पळतील.

माजी_बॅजवाली: आणि खरे असतील ते पावती देतील, मग? पावती मागणं म्हणजे बोलणं सुरू करणं. शिवाय नव्या करप्रणालीत ती वजावट नाही, आणि जुन्या प्रणालीतही रोख २००० च्या वर चालत नाही.

हिशेबनीस_विश्रामबाग: बरं बाई, तुम्हीच सीए.

कुपवाडकर: आमच्या अण्णांनी मुलगी गोड बोलली म्हणून टॅबवर ओटीपी दिला. दर महिन्याला पैसे कापले जायला लागले. शेवटी बँकेत अर्ज देऊन मँडेट रद्द केलं. यूपीआय ऑटोपे असता तर ॲपमधूनच बंद करता आलं असतं. सभ्यपणा राहू दे, आधी फोन खिशात ठेवायला शिकवा.

मिरजेची_सून: परकी माणसं एका नकारात ऐकतात तरी. गल्लीतल्या मंडळाला सांगून बघा! विचारायच्या आधीच पावतीवर ५०१ लिहिलेले असतात.

पेठेतला_बाळू: वर्गणीला मध्ये आणू नका. २०१९ च्या पुरात मंडळाचीच पोरं घरोघर पाणी पोचवत होती.

मिरजेची_सून: पाणी पोचवलं म्हणून आकडा पण त्यांनीच ठरवायचा? आणि नाही म्हटलं की वर्षभर दारासमोर गाडी आडवी.

माजी_बॅजवाली: तिथं माझं वाक्य चालणार नाही, हे मान्य. रस्त्यावरचा पोरगा पुन्हा भेटत नाही, मंडळाचा अध्यक्ष रोज भेटतो. मी आपला आकडा आधीच ठरवते, दार उघडताच तेवढेच हातात देते आणि पावतीवर तेवढेच लिहून घेते.

मिरजेची_सून: आमच्याकडे १०१ बघून "काकू, रिक्षाला देताय काय?" म्हणाले.

पेठेतला_बाळू: कुठलं मंडळ ते सांगा. आमचं नसणार.

मिरजेची_सून: नाव घेतलं तर पुढच्या वर्षी १००१ लिहितील.