केबल, डिश की अँटेना? याद्या हातात आहेत, निवडायचं कसं

घाटंजीकर
घाटंजी तालुक्यातलं गाव आहे. केबलवाल्यानं महिना ३०० केला. आईला संध्याकाळी झी मराठी आणि स्टार प्रवाह लागतंच, बाबांना मराठी बातम्या आणि सह्याद्री. तिन्हीकडच्या याद्या गोळा केल्या. केबलवर ३२० चॅनल, कंपनीच्या डिशवर त्याहून जास्त, दूरदर्शनच्या फ्री डिशवर बरीच कमी. छतावर जुना अँटेनाही अजून उभा आहे. ज्याची यादी मोठी तेच घ्यावं का?

पुसदचे मास्तर
भाऊ, आधी त्या अँटेनाकडे पाहा. बऱ्याच नव्या टीव्हीत अँटेनाचा ट्यूनर आतच असतो, वेगळा डबा लागत नाही. दूरदर्शन फुकट, महिन्याची कटकट नाही, आणि पाऊस आला तरी चित्र जात नाही. बातम्या आणि सह्याद्रीसाठी छत्री कशाला पाहिजे?

वर्ध्याचा डिशवाला
मास्तर, ट्यूनरचं तुमचं खरं आहे, पण त्याला पकडायला हवेत काही तरी पाहिजे नं जी. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग मनोरे २०२२ च्या मार्चपर्यंत जवळपास सगळे बंद झाले. डिजिटल प्रसारण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं, महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि औरंगाबाद. नागपूर त्या यादीतच नव्हतं. घाटंजीच्या छतावर औरंगाबादचा मनोरा कुठून येईल? विश्वास नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये अँटेना निवडून ऑटो ट्यूनिंग लावा आणि काय सापडतं ते इथं सांगा. माझ्या हिशेबात अँटेनाची यादी कोरीच आहे.

आता घाटंजीकर, ३२० हा आकडा बाजूला ठेवा. त्यात एकच चॅनल साधं आणि एचडी असं दोनदा मोजलेलं असते, तेलुगू-बंगाली असते, दिवसभर तवे विकणारी असते. घरात खरोखर लागतात ती सात-आठ चॅनल कागदावर लिहा. प्रत्येकासमोर एकच खूण करा, फुकट की पैशाचं. झी मराठी आणि स्टार प्रवाह पैशाची आहेत, ती फ्री डिशच्या यादीत शोधत बसू नका. मराठी बातम्यांची बरीच चॅनल फुकटात मोडतात, पण फुकट असलं म्हणजे ते फ्री डिशवर असतेच असं नाही. तिथं जागेचा लिलाव होतो. ज्यानं जागा घेतली तो दिसतो, आणि १ एप्रिलला यादी फिरू शकते. सह्याद्री मात्र दूरदर्शनचंच, ते राहते.

आर्णी रोड केबल
मी केबलच्याच धंद्यात आहे, लपवत नाही. डिशवाले नेहमी अर्धंच सांगतात. आमच्या लोकल चॅनलवर तालुक्याची बातमी, बाजार समितीतला कापसाचा भाव, गावचा सप्ताह, पोळ्याची मिरवणूक, सगळं दिसते. ते कोणत्या उपग्रहावर आहे? जुलैत आभाळ भरून आलं की छत्रीवाले आमच्या ग्राहकाच्या घरी मॅच पाहायला येतात. बॉक्स बिघडला तर पोरगा संध्याकाळपर्यंत घरी.

वर्ध्याचा डिशवाला
लोकल चॅनलचं एकदम मान्य, ते डिशवर मिळणार नाही. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातो हेही खरं. पण भाऊ, लाइन गेली की काय होते तेही सांगा. ग्राहकाच्या घरी इन्व्हर्टर असते, टीव्ही चालू असते, आणि चौकातल्या खांबावरचा तुमचा ॲम्प्लिफायर बंद. उन्हाळ्यात आमच्याकडे पावसापेक्षा हेच जास्त.

आणि ३०० कशाचे? केबल असो की कंपनीची डिश, बिलाचे दोन भाग असतात. एक जोडणीचं भाडं, दुसरा पैशाच्या चॅनलचा भाव. २०१९ पासून ट्रायच्या नियमानं चॅनल सुटंही घेता येते, पॅकेजच घ्या अशी सक्ती नाही. भाडं १३० आणि आईची दोन चॅनल १९-१९ ची धरा, झाले १६८. त्यावर १८ टक्के जीएसटी ३० रुपये २४ पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे, आणि फुकटची बातम्यांची चॅनल त्या भाड्यातच येतात. भाड्यावरची १३० ची मर्यादा २०२४ मध्ये उठली, म्हणून तुमच्या केबलवाल्याचं भाडं वेगळं विचारा. दर त्याच्या ९९९ नंबरच्या चॅनलवरही पाहता येतात. मग त्याला म्हणा, पॅकेज काढ, सुटं लाव.

आर्णी रोड केबल
सुटं मागणारे येतात आणि पंधरा दिवसांत परत पॅकेज घेतात. पोरांना कार्टून पाहिजे, मामा आला की क्रिकेट पाहिजे. एकेक जोडता जोडता पॅकेजच्या वर जाते. कागदावरचा हिशेब घरात टिकत नाही, राजेहो.

नागपुरात शिकणारा
मोबाइलवर सगळं दिसतं की. टीव्हीच काढून टाका. मी होस्टेलवर तसाच पाहतो.

पुसदचे मास्तर
बाळा, प्रश्न काय आहे ते वाच. त्याच्या आईला चष्मा लावून पाच इंचांवर मालिका पाहायला सांगतोस? गावात रेंज पाहायला गच्चीवर जावं लागते.

अँटेना लावून पाहिला. डिशवाल्या भाऊंचं बरोबर, एकही चॅनल सापडलं नाही. तरी दूरदर्शननं ग्रामीण भाग असा सोडून द्यायला नको होता, हे माझं मत कायम आहे.

घाटंजीकर
कागद लिहिला. आठच निघाली, त्यातली पैशाची दोन, दोन्ही आईची. शेजाऱ्याच्या फ्री डिशवर सह्याद्री स्वच्छ दिसलं. पण यादीत छापलेलं एक मराठी चॅनल त्यांच्याकडे येतच नाही. यादी खोटी का?

वर्ध्याचा डिशवाला
खोटी नसेल. फ्री डिशच्या यादीत दोन तऱ्हेची चॅनल असतात, एमपेग-२ आणि एमपेग-४. जुना बॉक्स फक्त पहिली दाखवते. बॉक्सच्या खाली किंवा खोक्यावर एमपेग-४ लिहिलं आहे का पाहा. लिहिलं असेल तर नव्यानं ऑटो स्कॅन करा. लिलाव झाल्यावर चॅनल इकडचं तिकडं होते आणि लोक म्हणतात चॅनल गेलं. नसेल लिहिलं तर स्कॅन करूनही येणार नाही, बॉक्सच बदलावा लागेल.

घेण्याआधी अंगणात उभं राहून आग्नेयेकडे पाहा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेय दिशेला, साधारण ६० अंश वर. त्या रेषेत कडुलिंब असेल तर पानगळीत चित्र मस्त आणि पावसाळ्यात पाल्यानं गायब. लोक मग बॉक्सला शिव्या घालतात. अंगणात कंपनीची जुनी छत्री पडली असेल तर बहुतेक तीच चालते, पण तिची दिशा या उपग्रहाकडे नव्यानं लावावी लागते आणि बॉक्स वेगळा लागतो.

राळेगावची वहिनी
आमच्याकडे दोन्ही आहे. सासऱ्यांच्या खोलीत फ्री डिश, एकदाच पैसे भरले. पुढच्या खोलीत कंपनीची डिश, त्यावर मालिका. सोंगणीच्या दिवसांत कोणी टीव्ही पाहत नाही, तेव्हा रिचार्जच करत नाही. केबलवाला असं थांबू देतो का?

आर्णी रोड केबल
वहिनी, सांगून बंद ठेवलं तर आम्ही देतो. सगळेच देतात असं म्हणत नाही.

घाटंजीकर
आमच्या आग्नेयेला चिंच आहे, शेजाऱ्याची, तोडता येणार नाही. गच्चीवरून मोकळं दिसते, पण तिथवर वायर लांब पडेल. केबलवाल्याकडे सुटं मागितलं तर म्हणाला, मालकाला विचारून सांगतो. बाबांचं म्हणणं, लोकल चॅनल गेलं तर कापसाचा भाव कुठं पाहायचा? आईचं म्हणणं, भाव फोनवर येते, मालिका येत नाही.

वर्ध्याचा डिशवाला
गच्चीपर्यंत वायर किती मीटर लागेल ते मोजून सांगा. आणि मालकाचं उत्तर तोंडी नको, बिलावर घ्या.