'इन्फॉर्म टू मी' मधला टू येतो कुठून?

कोराकागद: काल टीमला मेल टाकला, 'प्लीज इन्फॉर्म टू मी व्हेन द फाइल इज रेडी', आणि खाली 'आय रिक्वेस्ट टू यू टू चेक इट'. साहेबांनी पहिला टू खोडला, खालच्या दोनातला एक खोडला एक ठेवला, कारण काही सांगितलं नाही. आपण 'मला कळवा' म्हणतो ना, मग त्या 'ला'चा टू नको का व्हायला?

जुनीपेन्सिल: घोळ त्या 'ला'तच आहे. 'मला फाइल दे' आणि 'मला बोलव', मराठीत दोन्हीकडे 'ला'च लागतो. इंग्रजीत पहिल्याला 'गिव्ह द फाइल टू मी' चालतं पण दुसरं नुसतं 'कॉल मी'. इन्फॉर्म, रिक्वेस्ट, टेल ही सगळी कॉलच्या पंगतीतली, त्यांच्यामागे माणूस थेट येतो.

निळीशाई: म्हणजे रिक्वेस्ट टू यू कुठेही दिसलं की चूक. मी तर दिसला टू की काढूनच टाकते.

जुनीपेन्सिल: अगं नको! 'माय रिक्वेस्ट टू यू इज' एकदम बरोबर आहे, तिथे रिक्वेस्ट म्हणजे विनंती. 'आय रिक्वेस्ट' मध्ये ते विनंती करतो असं होतं, तिथे टू नाही. आणि 'आय रिक्वेस्ट यू टू चेक' मधला टू चेकचा आहे, यूचा नाही, म्हणून साहेबांनी तेवढा ठेवला. 'धिस इज टू इन्फॉर्म यू' रोज वाचून टू आणि इन्फॉर्म जोडीनेच डोक्यात बसतात, आणि मग लिहिताना टू पुढचा मागे जातो असं मला वाटतं.

घाईगडबड: माझं उलटंच झालं, मी 'एक्सप्लेन मी द बिल' लिहिलं तर टू घाला म्हणाले. मग नक्की घालायचा की काढायचा??

जुनीपेन्सिल: तुझं क्रियापद वेगळं आहे. माणसाला वाक्याच्या सुरुवातीला आणून बघ. 'आय वॉज इन्फॉर्म्ड' बसतं, म्हणून टू नको. 'आय वॉज एक्सप्लेन्ड' बसत नाही, कारण समजावलं जातं ते बिल, तू नाहीस, म्हणून 'एक्सप्लेन द बिल टू मी'. रिप्लायचंही तसंच, 'रिप्लाय टू मी'. फक्त गिव्ह, सेंडला ही युक्ती लावू नकोस, ती दोन्हीकडून चालतात.

कोराकागद: मग 'इंटिमेट टू मी' पण चूकच ना?

जुनीपेन्सिल: तिथे गंमत आहे, डिक्शनरीत बघशील तर एखादी गोष्ट कुणाला इंटिमेट करायची म्हटलं की माणसाआधी टू येतो. आपल्या ऑफिसांत मात्र 'इंटिमेट अस' सर्रास चालतं. मी तो शब्दच टाळतो, इन्फॉर्म लिहितो.

निळीशाई: मला नाही पटत, सगळ्या सर्क्युलरमध्ये 'इंटिमेट अस'च असतं आणि वाचणाऱ्याला कळतं पण, मग ते चूक का म्हणायचं? मी तरी तसंच लिहिणार.

कोराकागद: आत्ता नवीन मेल पाठवला, 'प्लीज इन्फॉर्म मी व्हेन द फाइल इज रेडी. आय रिक्वेस्ट यू टू चेक इट.' या वेळी साहेबांनी काहीच खोडलं नाही.