मदत हवी आहे: डायनिंग टेबलला 8 एमएम टफन की 12 एमएम साधी काच?

खिडकीपाशी
सुताराकडून सागवानी लाकडाच्या दोन घोड्या करून घेतल्यात, त्यांवर नुसती काच ठेवायची आहे. काच 1500 बाय 900 एमएम, म्हणजे साधारण 5 बाय 3 फूट. दोन घोड्यांमध्ये 1100 अंतर आणि दोन्ही टोकांना 200-200 काच बाहेर. एक काचवाला म्हणतो, 8 एमएम टफन घ्या, 12 च्या साध्या काचेपेक्षा भक्कम. दुसरा म्हणतो, 12 साधीच घ्या, टफन कधीही आपोआप फुटते. घरात चार वर्षांची मुलगी आहे. कोणाचं ऐकू?

मसाला_डबा
टेबलावर डाग पडू नयेत म्हणूनच ना? मग 5 एमएम साधी पुष्कळ झाली. कडा घासून घ्या आणि खाली पारदर्शक बम्पर लावा, नाहीतर काच पॉलिशला चिकटते आणि मध्ये पाणी गेलं की ढग दिसतात.

खिडकीपाशी
अहो, खाली लाकूड नाहीच. फक्त दोन घोड्या आणि वर काच.

मसाला_डबा
असं होय. मग माझं सोडा.

नाना_बांधकामवाले
टफन साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, त्यामुळे 8 काय, 6 सुद्धा चालेल. 12 म्हणजे उगाच पैसे आणि वजन.

काचकाम
नाना, चार-पाच पट हे फुटण्याच्या बाबतीत बरोबर आहे, वाकण्याच्या बाबतीत नाही. काच भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. त्याने पृष्ठभाग दाबाखाली येतो, म्हणून फुटायला जोर जास्त लागतो. पण काचेचा ताठपणा तोच राहतो. 8 एमएम टफन आणि 8 एमएम साधी, दोन्ही सारख्याच वाकतात.

आता याच टेबलाचा हिशेब बघा. 1100 च्या मधोमध शंभर किलो भार आला, म्हणजे कोणी वर बसलं किंवा बल्ब बदलायला चढलं, तर 8 एमएम काच सुमारे 10 एमएम खाली वाकते, 10 एमएमची 5 आणि 12 एमएमची 3. जाडी दीडपट केली की वाकणं तिपटीहून जास्त कमी होतं. 8 एमएम टफन तेवढ्या भाराने फुटणार नाही, पण कोपर टेकलं तरी काच हलल्यासारखी वाटेल आणि घरातले त्या टेबलावर विश्वास ठेवणार नाहीत.

12 साधी ताठ आहे, पण मोठी टोकदार पाती करून फुटते. या मापाची 12 एमएम काच साधारण 40 किलो भरते. चौकटीत न बसवलेली, कडा उघड्या, आणि घरात मूल. इथे साधी काच नको. 12 एमएम टफन घ्या.

नाना_बांधकामवाले
वाकण्याचं मान्य. मग घोड्या जवळ आणा की. 900 वर ठेवल्या तर 10 एमएम पुरेल. पैसे वाचतील, उचलायलाही हलकी.

काचकाम
वाकण्यापुरतं खरं आहे. 900 वर 10 एमएम म्हणजे 1100 वर 12 एमएम, फरक नगण्य. पण मग टोकं 300 बाहेर येतात, आणि काच नुसती ठेवलेली आहे. 10 एमएमच्या काचेचं वजन 34 किलोच्या आसपास. टोकाच्या कडेवर पन्नासेक किलो भार आला की दुसरी बाजू उचलली जाते. खुर्चीवरून उठताना माणूस टेबलाच्या कडेवर हात टेकून बऱ्यापैकी भार टाकतो. 1100 वर 12 एमएमला हाच आकडा 110 च्या पुढे जातो. म्हणून जाडी कमी करून घोड्या आत घेण्याचा सल्ला मी देणार नाही, किमान काच खालून धरून ठेवायची सोय असल्याशिवाय तरी नाही.

दक्षिण_कोकण
धाग्याशी थेट संबंध नाही, पण विचारते. आमच्या पश्चिमेकडच्या खिडकीची 5 एमएम साधी काच काळी फिल्म लावल्यावर महिन्याभरात तडकली. कोणी काही मारलं नव्हतं. टफन लावली तर टिकेल का?

काचकाम
ताई, तडा कडेपासून सुरू होतो का ते बघा. कडेला काटकोनात निघून पुढे वळणावळणाने गेला असेल तर बहुधा उन्हाचा आहे. फिल्म ऊन शोषते, मधला भाग तापतो, रबरात दडलेली कड गार राहते. कड नीट कापलेली नसेल तर तिथूनच तडा जातो. साधी काच साधारण 40 अंशांचा फरक सोसते, टफन 200 च्या आसपास, त्यामुळे या त्रासाला टफन हा उपाय आहे. पण खिडकी उंच मजल्यावर, काच खालपर्यंत आणि बाहेर ग्रिल नसेल तर नुसती टफन नको. फुटली की रिकामी चौकट उरते. तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड लावा, ती तडकली तरी जागेवर राहते.

दक्षिण_कोकण
अगदी काटकोनात आहे! ग्रिल आहे, तळमजलाच आहे.

खिडकीपाशी
12 टफन ठरवते आहे. पण "आपोआप फुटते" हे खोटं का?

काचकाम
खोटं नाही, दुर्मीळ आहे. काचेत निकेल सल्फाइडचा बारीक खडा राहिला असेल तर तो पुढे फुगतो आणि काच अचानक फुटते. काही कारखाने काच पुन्हा तापवून काही तास ठेवतात, म्हणजे असे खडे असलेली काच तिथेच फुटते. त्याला हीट सोक म्हणतात. पण "आपोआप" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी घटनांमागे कडेला आधी लागलेला मार असतो. टफनची दुखरी जागा म्हणजे कड आणि कोपरा.

म्हणून ऑर्डर देतानाच चारही कोपरे गोल सांगा. कड पूर्ण पॉलिश करून घ्या, नुसती घासलेली नको. हे सगळं भट्टीत जाण्याआधीच होतं. टफन झाल्यावर कापणं नाही, भोक नाही, कोपरा गोल करणंही नाही. माप चुकलं तर काच फुकट. टफनचा शिक्का कुठे हवा तेही आधी सांगा, तो नंतर निघत नाही. शिक्का नसेल तर घेऊ नका. शंका आली तर पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाच्या उजेडात बघा, टफनमध्ये गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात.

काच आणण्याआधी दोन्ही घोड्यांच्या वरच्या टोकांवर कर्णरेषेत दोन दोरे ताणा. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. एक वर तरंगत असेल किंवा दुसऱ्याला दाबत असेल तर एक पाय तासा किंवा उचला. नाहीतर काच तीन टेकूंवर राहील आणि डुगडुगेल. मग सिलिकॉनचे पॅड, आणि स्क्रूचं एकही डोकं वर नको.

नाना_बांधकामवाले
एकाच तुकड्यासाठी हीट सोक कोणी करून देतं का? आमच्याकडे मोठ्या ऑर्डरशिवाय नाही म्हणतात.

काचकाम
विचारून बघा. त्याच जाडीचा दुसरा लॉट भट्टीत जात असेल तर काही जण घालतात. एका डायनिंग टेबलासाठी मी त्यासाठी अडून बसणार नाही, डोक्यावरच्या छताची काच असती तर बसलो असतो.

मसाला_डबा
छतावर तर टफन केली तरी लॅमिनेटेडच लागेल ना?

खिडकीपाशी
दोरे ताणले. एका घोडीचं एक टोक चांगलं 4 एमएमने वर आहे. सुताराला उद्या बोलावलंय, माप त्यानंतरच देते.