शब्दचर्चा: ‘बेसिक फीजिबल सोल्यूशन’मधलं ‘बेसिक’ म्हणजे नेमकं काय?

मुक्ता
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला लिनियर प्रोग्रॅमिंग आहे. मराठी नोट्समध्ये ‘मूलभूत सुसाध्य उकल’ असं लिहिलंय. मूलभूत म्हटलं की मला सोपी, प्राथमिक उकल वाटते, पण पुढे लगेच x_B = B⁻¹b येतं आणि त्यात प्राथमिक असं काहीच दिसत नाही. हे B कुठून आलं, आणि नेहमीच्या वापरात कोणता मराठी शब्द बरा?

पेठकर
सुसाध्य म्हणजे परवडणारी. ज्या योजनेत नफा निघतो ती फीजिबल. बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट देतो तेव्हा हाच शब्द असतो.

जुना मास्तर
पेठकर, बँकेतला अर्थ वेगळा. इथे नफ्याचा प्रश्नच अजून आलेला नाही. सगळ्या अटी पाळल्या आणि कोणताही चल ऋण निघाला नाही, एवढंच फीजिबलमध्ये येतं. तोट्यातली योजनाही फीजिबल असू शकते.

मुक्ता, ‘बेसिक’ हे बेसिसवरून आलंय. बेसिस म्हणजे आधार: दोन अटी असतील तर एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन स्तंभ, ज्यांच्या जोरावर उजवी बाजू उभी राहते. मूलभूत म्हटलं की हा धागाच तुटतो. मी वर्गात ‘आधारी उकल’ म्हणायचो.

एक उदाहरण घेऊ. फर्निचरच्या छोट्या कारखान्यात दिवसाला कटाईचे 8 तास आणि पॉलिशचे 12 तास आहेत. एका स्टूलला कटाई 1 तास, पॉलिश 1 तास. एका टेबलाला कटाई 1 तास, पॉलिश 3 तास. स्टूल x1, टेबल x2, न वापरलेली कटाई s1, न वापरलेलं पॉलिश s2.

x1 + x2 + s1 = 8
x1 + 3x2 + s2 = 12

चल चार, समीकरणं दोन. कोणतेही दोन चल शून्य धरले की उरलेल्या दोघांचे स्तंभ शेजारी मांडून B बनतो. x1 आणि x2 ठेवले तर B च्या ओळी (1, 1) आणि (1, 3). निश्चयक 2, म्हणून B⁻¹ म्हणजे (3, −1) आणि (−1, 1) या ओळींचं निम्मं. त्याला (8, 12) ने गुणा: x1 = (24 − 12)/2 = 6, x2 = (−8 + 12)/2 = 2. सहा स्टूल, दोन टेबलं, आणि दोन्ही तास पूर्ण संपले.

ऋतुजा
म्हणजे ज्यांची किंमत शून्य नाही ते बेसिक चल आणि शून्य असलेले नॉन-बेसिक. आम्हाला असंच सांगितलं होतं आणि परीक्षेत चाललंही.

जुना मास्तर
अर्धं बरोबर. नॉन-बेसिक चल आपण शून्य धरतो, त्यामुळे ते शून्य असतातच. पण बेसिक चलाची किंमत हिशोबातून येते, आणि ती शून्य येऊ शकते. वरच्या उदाहरणात पॉलिशचे तास 12 ऐवजी 24 करा. B तोच, B⁻¹ तोच, फक्त b बदलला: x1 = (24 − 24)/2 = 0, x2 = (−8 + 24)/2 = 8. x1 आधारात आहे आणि तरी शून्य आहे. किंमत बघून चलाचा गट ठरवायला गेलात तर इथे फसाल, कारण x2 सोडून बाकीचे तिन्ही चल शून्य आहेत.

मुक्ता
आणि 24 च्या वर गेलं तर?

जुना मास्तर
26 घेऊन बघ. x1 = (24 − 26)/2 = −1, x2 = 9. उकल बेसिक आहे, फीजिबल नाही. उणे एक स्टूल कोण बनवणार! b1 आठच ठेवला तर x1 साठी b2 चोविसापर्यंतच जाऊ शकतो, आणि x2 ऋण होऊ नये म्हणून तो निदान 8 हवा. 8 ते 24 या पट्ट्यात हा आधार चालतो. पुढे आधार बदलावा लागतो: x2 आणि s2 घे. मग x2 = 8 आणि s2 = 26 − 24 = 2, म्हणजे कटाई संपली आणि पॉलिशचे दोन तास पडून राहिले. म्हणून मी सांगतो की आधार असणं हा स्तंभांचा गुण आहे आणि फीजिबल असणं b वर ठरतं. हे दोन वेगळे ठेवले की B⁻¹b कोडं राहत नाही.

मूळच्या 12 तासांसाठी दोन-दोनाच्या सहा जोड्या होतात. x1, s1 घेतले तर s1 = −4, आणि x2, s2 घेतले तर s2 = −12. या दोन बाद. उरलेल्या चार जोड्यांतून (0, 0), (8, 0), (6, 2), (0, 4) हे आलेखावरचे चार कोपरे मिळतात. कागदावर रेषा काढून पडताळून घे.

नाशिककर
माझी खरंच अशी वर्कशॉप आहे म्हणून हे करून पाहिलं. स्टूल 2 आणि टेबल 6 येताहेत. पण मग पॉलिशला 20 तास लागतील, ते माझ्याकडे नाहीत.

```
import numpy as np
B = np.array([[1, 1], [3, 1]])
b = np.array([8, 12])
print(np.linalg.solve(B, b))
```

देवयानी
उत्तर `[2. 6.]` बरोबर आहे, नावं उलटी लागलीत. तुमच्या B मध्ये पहिला स्तंभ (1, 3) म्हणजे टेबलाचा आहे. x_B चा क्रम B च्या स्तंभांच्या क्रमानेच येतो, म्हणून 2 टेबलं आणि 6 स्टूल. तुम्ही पॉलिशचे तास परत मोजलेत तसंच मूळ अटींत उत्तर घालून पाहणं ही उत्तम तपासणी.

मास्तरांच्या उदाहरणाबद्दल एक सांगते. स्टूल आधी घेतला तर तो B सममित आहे, त्यामुळे स्तंभांऐवजी ओळी भरल्या तरी चूक दिसणार नाही. टेबल आधी घेऊन ओळी-स्तंभ उलटे केले तर 14 आणि −2 येतं आणि उगाच वाटतं की आधारच फीजिबल नाही. ऋण आकडा दिसला की आधी मांडणी बघा.

आणि कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये B⁻¹ सहसा उघड काढत नाहीत. B चे त्रिकोणी अवयव पाडून Bx_B = b सोडवतात. x_B = B⁻¹b हे नातं सांगायला आहे, हिशोबाची पद्धत म्हणून नाही.

नाशिककर
पटलं. मग दुप्पट मापाचं टेबल धरलं, कटाई 2, पॉलिश 6, आणि साध्या टेबलाबरोबर आधारात घेतलं तर `Singular matrix` आलं.

देवयानी
(2, 6) हा (1, 3) च्या दुप्पट आहे. निश्चयक शून्य. ती जोडी आधारच नाही, तिथे फीजिबल की नाही हे विचारताच येत नाही.

ऋतुजा
मास्तरांच्या 24 तासांवर परत येते. तिथे x1, x2 घ्या, x2, s1 घ्या किंवा x2, s2 घ्या, उत्तर तेच: 8 टेबलं, बाकी शून्य. एकाच कोपऱ्याला तीन आधार. मग पॉलिशचा एक तास वाढवला तर काय होईल, हे कोणत्या B⁻¹ वरून सांगायचं?

जुना मास्तर
तिघांचं उत्तर वेगळं येतं. तास वाढवायचा असेल तर x2, s2 वाला आधार धरा, कारण वाढीनंतर तोच फीजिबल राहतो. कमी करायचा असेल तर तो चालत नाही. उरलेल्या दोघांपैकी कोणता, हे स्टूल-टेबलाच्या नफ्यावर ठरेल, आणि ते आकडे आपण घेतलेलेच नाहीत.

पेठकर
म्हणजे शेवटी नफा आलाच!

मुक्ता
शब्दाचं काय? ‘आधारी’ लिहू का? परीक्षक ‘मूलभूत’च शोधत असतील तर?

देवयानी
मी तर ‘बेसिक’च लिहीन आणि पहिल्या वेळी बेसिस म्हणजे आधार एवढं सांगेन. ‘आधारी’ ऐकून लोकांना आधार कार्ड आठवतं.

जुना मास्तर
आठवू दे. स्तंभ, आधार, उभं राहणं हे एका घरातले शब्द आहेत. मी ‘आधारी’ सोडणार नाही.