मदत हवी आहे: झेनर ५.१ चा, पण लोड वाढला की व्होल्टेज ४.५ वर येतं. रेझिस्टर किती घ्यावा?

टाकीवाला

पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारं सर्किट केलं आहे. पाच एलईडी आहेत, टाकी भरेल तसे एकेक लागतात. सप्लाय सोलरवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीवरून घेतो आणि सर्किटला ५ व्होल्ट लागतात. झेनर 1N4733A आहे, त्याच्या आधी सिरीजमध्ये ३३० ओहम पाव वॅटचा रेझिस्टर.

हिशेब असा केला होता: लोड सरासरी १५ मिलिअँपिअर, झेनरला ५, एकूण २०. १२ वजा ५.१ म्हणजे ६.९, भागिले २० मिलिअँपिअर, उत्तर ३४५. जवळचा ३३० लावला.

दोन अडचणी आहेत. पहाटे बॅटरी साडेअकराला असते तेव्हा पाचही एलईडी लागले की आउटपुट ४.५ वर येतं. आणि दुपारी चार्जिंग जोरात असताना रेझिस्टरला बोट लावता येत नाही, आता तो तपकिरी पडलाय. झेनर दोनदा बदलला, फरक नाही. दुकानदाराने डुप्लिकेट दिला असेल का?

कावेरी_के

झेनर चांगला असावा. रेझिस्टर जास्त आहे, कमी करा. माझ्याकडे ४७ ओहमचा आहे आणि लोड कितीही वाढवला तरी ५.१ हलत नाही.

मीटरवाला

कावेरीताई, दिशा बरोबर, आकडा नाही. ४७ लावला आणि दुपारी बॅटरी १४.५ झाली तर रेझिस्टरमधून ९.४ भागिले ४७, म्हणजे २०० मिलिअँपिअर जातील. लोड बंद असला तर ते सगळे झेनरच्या गळ्यात, म्हणजे एक वॅटच्या झेनरवर एक वॅट. रेझिस्टरवर वेगळे पावणेदोन-दोन वॅट. तुमचा टिकला असेल तर सप्लाय तरी कमी आहे किंवा लोड सतत लागलेला आहे.

टाकीवाला, झेनर बदलून फरक पडणार नाही, कारण त्या वेळी झेनर कामच करत नाही. पाचही एलईडी लागलेले असताना मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. ११.५ वजा ४.५ म्हणजे ७ व्होल्ट दिसतील. ७ भागिले ३३० म्हणजे २१ मिलिअँपिअर. रेझिस्टरमधून येतात तेवढेच, आणि ते सगळे लोड खाऊन टाकतो. झेनरच्या वाट्याला काही उरत नाही, मग तो धरून कसा ठेवणार?

गल्लत 'सरासरी'त आहे. रेझिस्टर सर्वात वाईट वेळेसाठी काढायचा, आणि वाईट वेळा दोन असतात. बॅटरी सर्वात खाली आणि लोड सर्वात जास्त, तेव्हा झेनर उपाशी राहतो. बॅटरी सर्वात वर आणि लोड सर्वात कमी, तेव्हा झेनर आणि रेझिस्टर तापतात. तुम्ही १२ आणि १५ धरून मधल्या वेळेचा हिशेब केला. एलईडी बंद असताना आणि पाचही चालू असताना किती करंट लागतो ते सांगा.

टाकीवाला

वेगळ्या ५ व्होल्टच्या सप्लायवर मोजलं. सगळे बंद असताना ५, पाचही चालू असताना २५ मिलिअँपिअर. बॅटरी रात्री १०.५ पर्यंत उतरू शकते, दुपारी १४.५.

मीटरवाला

मग आधी उपाशी बाजू. झेनरला किमान ५ मिलिअँपिअर ठेवू.

```
R कमाल = (10.5 - 5.1) / (0.025 + 0.005) = 180 ओहम
R किमान = (14.5 - 5.1) / 0.098 = 96 ओहम
```

दुसऱ्या ओळीतले ९८ मिलिअँपिअर मी झेनरवर अर्धा वॅट धरून काढले आहेत, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या निम्मे. डबा गच्चीवर उन्हात असणार, तिथे पुरता एक वॅट मागणं बरं नाही. लोड शून्य धरला आहे, कारण सर्किटचा कनेक्टर कधीतरी निघतोच.

तर ९६ ते १८० मध्ये काहीही. १८० बरोबर काठावर आहे. पाच टक्केवाला रेझिस्टर १८९ निघाला तर झेनरकडे साडेतीनच उरतील. म्हणून १५० घ्या. १०.५ ला ३६ येतील, २५ लोडला, ११ झेनरला. १४.५ ला लोड काढला तर ६२.७ झेनरला, म्हणजे ०.३२ वॅट.

रेझिस्टरवर तेव्हा ९.४ चा वर्ग भागिले १५०, ०.५९ वॅट. एक वॅटचा चालेल, मी दोनचा लावेन: आउटपुट चुकून शॉर्ट झालं तर १.४ वॅट येतात. पीसीबीपासून थोडा उचलून सोल्डर करा. तुमच्या जुन्या ३३० वर दुपारी ०.२७ वॅट येत होते, पाव वॅटचा तपकिरी का पडला ते यातच आलं.

सर्किट_सवंगडी

५ मिलिअँपिअर किमान कशाला? 1N4733A च्या डेटाशीटमध्ये १ दिलाय. ५ धरून उगाच बॅटरी जाळताय.

मीटरवाला

१ मिलिअँपिअरला झेनरचा अंतर्गत रोध ५५० ओहमपर्यंत दिला आहे, आणि ४९ मिलिअँपिअरला ७. म्हणजे एकच्या आसपास करंट एका मिलिअँपिअरने हलला की व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या घरात हलू शकतं. त्याला रेग्युलेशन म्हणायचं का तुम्हीच ठरवा. शिवाय ५.१ हा आकडा ४९ ला मोजलेला आहे, ११ वर मीटर थोडं कमी दाखवेल. त्याला बिघाड समजू नका.

गुड्डी_इलेक्ट्रॉनिक्स

माझंही हेच होतंय. ESP8266 ला ३.३ चा झेनर लावला आहे, वायफाय सुरू झालं की रीसेट होतो. १५० लावू का?

मीटरवाला

नाही, तुमचं प्रकरण वेगळं. त्याला क्षणभर ३०० मिलिअँपिअर लागतात. याच बॅटरीवर रेझिस्टर २२ ओहमचा घ्यावा लागेल. वायफाय शांत असताना १४.५ वर झेनरवर सुमारे १.७ वॅट आणि रेझिस्टरवर पावणेसहा. 1N4728A एक वॅटचा आहे. वरची आणि खालची मर्यादा एकमेकींना ओलांडून गेली, म्हणजे शंट झेनरने हे होणारच नाही. कमी-जास्तीतलं अंतर एवढं असेल तिथे बक मॉड्यूल लावा.

सर्किट_सवंगडी

मग टाकीवाल्यांनीही 78L05 का लावू नये? १२ व्होल्टवर १५० मधून ४६ मिलिअँपिअर चोवीस तास जाणार, एलईडी लागोत न लागोत. दिवसाला १.१ अँपिअर-तास. ७ अँपिअर-तासाची बॅटरी ढगाळ आठवड्यात बसेल.

मीटरवाला

हा मुद्दा मान्य. रेग्युलेटर लावला तर एलईडी बंद असताना लोडचे ५ आणि त्याचे स्वतःचे साधारण तेवढेच. आउटपुट १०.५ वरही धरून ठेवेल. फक्त इनपुट आणि आउटपुटला कपॅसिटर विसरू नका. झेनर तेव्हाच ठेवा जेव्हा सर्किट पुश बटण दाबल्यावरच चालू होतं.

टाकीवाला

१५० ओहम २ वॅट लावला. आत्ता बॅटरी १२.३, पाचही चालू, आउटपुट ४.९६. रेझिस्टर कोमट आहे. बटण लावायची कल्पना घरात विचारतो, सगळ्यांना एलईडी सतत दिसायला हवेत. दुसरं म्हणजे, बॅटरी काढली आणि पॅनेल जोडलेलं राहिलं तर चार्ज कंट्रोलर किती व्होल्ट बाहेर देतो?

मीटरवाला

ते कंट्रोलरवर अवलंबून आहे, बॅटरी काढून मोजा. मोजताना झेनर सर्किट सोडवून ठेवा. पॅनेलचे २१ थेट आले तर झेनरवर अर्धा वॅट आणि रेझिस्टरवर १.७, म्हणजे दोन वॅटवाला जेमतेम तग धरेल.