मदत हवी आहे: तिरप्या उन्हात फरशीवर पट्टे, बायस वाढवला की खांबाची सावली खांबापासून सुटते

किरणवेडा
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून अंबाबाई मंदिराच्या परिसरात फिरता येईल असं थ्रीडी दृश्य करतोय, ओपनजीएलमध्ये, इंजिन न वापरता. मला त्यात किरणोत्सवाची संध्याकाळ दाखवायची आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचं ऊन महाद्वारातून मंडप ओलांडत गाभाऱ्यापर्यंत जातं, तो क्षण. म्हणजे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५ अंशांवर.

दुपारचं ऊन ठेवलं की सावल्या ठीक दिसतात. सूर्य खाली आणला की दगडी फरशीभर काळे-पांढरे पट्टे उठतात. बायस वाढवत गेलो. 0.004 ला पुसट रेषा उरतात, 0.005 ला फरशी स्वच्छ होते, पण तेव्हा मंडपाचा खांब हवेत तरंगतोय असं वाटतं. खांब अर्धा मीटर जाड आहे आणि त्याची सावली त्याच्यामागे सुमारे दीड मीटरवर सुरू होते.

शॅडो मॅप २०४८ × २०४८, प्रकाशाचा ऑर्थो बॉक्स २०० मीटर रुंद, २०० मीटर उंच, near 1 आणि far 401. फिल्टर ३ × ३ चा.

```glsl
float bias = 0.005;
lit += (q.z - bias > texture(shadowMap, uv).r) ? 0.0 : 1.0;
```

चार रात्री यातच गेल्या. कुठे चुकतोय?

तांबडा_पांढरा
भावा, सोपं आहे. शॅडो पासमध्ये `glCullFace(GL_FRONT)` लाव. मागच्या बाजूच खोलीत नोंदवल्या जातात, त्यामुळं उन्हातला पृष्ठभाग स्वतःवर सावली पाडत नाही. बायस जवळपास शून्यावर आण. माझ्या गेममध्ये असंच चाललंय.

किरणवेडा
लगेच करून बघितलं. फरशी साफ झाली, खांबही टेकले! पण मंडपाच्या छपरातून ऊन आत येतंय आणि ध्वजाची सावलीच गेली.

तांबडा_पांढरा
छप्पर एकपदरी असणार तुझं. त्याला जाडी दे.

वास्तू_रेंडर
मलाही हा त्रास झाला होता. बंगल्याच्या रेंडरमध्ये भिंतीच्या कोपऱ्यांत काळे डाग यायचे. लाइटमॅपचं रिझोल्यूशन वाढवून पुन्हा बेक केलं, सँपल दुप्पट केले, डाग गेले. तुम्हीही रात्रभर बेक लावून ठेवा.

पन्हाळकरीण
@वास्तू_रेंडर दादा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमचे डाग बेकमधले, याची सावली दर फ्रेमला नव्यानं मोजली जाते. इथं बेक काहीच होत नाही.

@किरणवेडा, आधी तुझा 0.005 मीटरमध्ये काढ. ऑर्थोमध्ये खोली सरळ रेषेत पसरते, near ते far ४०० मीटर, म्हणजे 0.005 म्हणजे २ मीटर. किरणाच्या दिशेनं २ मीटरच्या आत जे काही आडवं येतं ते तू माफ करतोयस. खांबाच्या उन्हातल्या बाजूपासून २ मीटर मोज, त्यातून खांबाची अर्धा मीटर जाडी वजा कर. तुला दिसणारा दीड मीटर तोच. बायस जाडीपेक्षा कमी असता तर ही फट खांबाच्या आतच लपली असती.

आता इतका बायस लागतो का ते बघ. २०० मीटरचे २०४८ भाग केले की एक टेक्सेल ९.८ सेंटिमीटरचा. त्या अख्ख्या चौकोनासाठी नकाशात एकच खोली असते, पण फरशी त्यातून तिरपी जाते. मधल्या नोंदीपेक्षा अर्धी फरशी जवळ, अर्धी लांब. लांबची अर्धी स्वतःच्याच सावलीत जाते, तेच तुझे पट्टे. किती लांब? अर्धा टेक्सेल गुणिले टॅन ८५, म्हणजे ५६ सेंटिमीटर. फिल्टर ३ × ३ असल्यानं तो दीड टेक्सेलपर्यंत पोचतो, म्हणून तिप्पट, सुमारे १.६७ मीटर. तुझा 0.004 म्हणजे १.६ मीटर. रेषा पुसट का उरल्या ते आलं ना लक्षात?

खात्री करायची तर मॅप १०२४ चा कर. पट्टे दुप्पट रुंद झाले तर कारण टेक्सेलच.

किरणवेडा
केलं, दुप्पट झाले. ताई, इतके दिवस बायसला मी नुसता एक आकडा समजत होतो. मग मॅप ४०९६ चा करू का?

पन्हाळकरीण
त्यानं लागणारा बायस निम्मा होईल आणि मेमरी चौपट, ३२ बिट खोलीला १६ ऐवजी ६४ एमबी. ८० सेंटिमीटर तरी उरतीलच. त्यापेक्षा खोलीत बायस देणं सोड आणि सावली तपासायचा बिंदूच लंबाच्या दिशेनं उचल. खोलीतला बायस टॅनच्या हिशेबानं वाढतो, सूर्य टेकत गेला की त्याला मर्यादाच राहत नाही. लंबाच्या दिशेनं उचलायला साइनच पुरतो, तो १ च्या पुढं जात नाही. तुझ्या फरशीला १.६७ मीटरऐवजी साडेचौदा सेंटिमीटर.

```glsl
float s = sqrt(1.0 - ndl * ndl);
vec3 p = worldPos + Ng * s * 1.5 * texel;
vec4 q = lightVP * vec4(p, 1.0);
```

सोबत छोटा स्थिर बायस ठेव, 0.00005 म्हणजे २ सेंटिमीटर. Ng मात्र त्रिकोणाचा खरा लंब हवा. नॉर्मल मॅपमधला घेतलास तर दगडाच्या प्रत्येक खवल्यावर बिंदू वेगळीकडं ढकलला जाईल आणि ठिपके येतील.

कलिंग पूर्ववत कर. तांबडा_पांढरा चुकीचं सांगत नाहीये, सगळ्या वस्तू बंद आकाराच्या असतील तर ते चालतं. मंदिराच्या मॉडेलमध्ये ध्वज, तोरणं, जाळ्या एकपदरीच राहणार.

तांबडा_पांढरा
हे बरोबर. माझ्या गेममध्ये सगळे खोकेच आहेत, म्हणून कधी जाणवलं नाही.

किरणवेडा
नॉर्मल मॅपचाच लंब घेतला होता, ठिपके आले, मग वाक्य पुन्हा वाचलं. आता फरशी साफ, खांब टेकलेले. एक गोष्ट खटकते. पितळी उंबऱ्याची सावलीच पडत नाही. मॉडेलमध्ये तो १० सेंटिमीटर उंच आहे, आणि ऊन नेमकं त्याच्यावरून आत जातं, तिथं सावली हवीच.

पन्हाळकरीण
साडेचौदा सेंटिमीटर वर उचललेल्या बिंदूला १० सेंटिमीटरचा उंबरा अडवूच शकत नाही. या पद्धतीची किंमत हीच. टेक्सेल लहान करणं एवढाच उपाय.

पण २०० × २०० चा बॉक्स कशाला? ५ अंशांच्या सूर्याला तुझा परिसर अगदी चपटा दिसतो, २०० मीटर लांबीची फरशी उभ्यात साडेसतरा मीटरच भरते. शिखरासकट उंची ४० मीटर पुरावी. फरशीची खोली सूर्याच्या नजरेतून फक्त खाली-वर जाताना बदलते, म्हणून फरशीसाठी उभा टेक्सेलच महत्त्वाचा. ४० मीटरला तो २ सेंटिमीटर, उचल ३ सेंटिमीटर. near मात्र पुढं आणू नकोस, नाहीतर महाद्वारच कापलं जाईल आणि ऊन सरळ आत घुसेल.

किरणवेडा
ताई, उंबऱ्याची सावली आली! आत्ता आईला उठवून दाखवली.

आता दोन गोष्टी उरल्यात. महाद्वार रोडवरच्या किरणांना जवळजवळ समांतर असलेल्या भिंतींवर उभे पट्टे आलेत. आणि सूर्य हळूहळू खाली नेला की सावल्यांच्या कडा सरपटतात.

पन्हाळकरीण
भिंतींना आडवा टेक्सेल लागतो आणि तो अजून ९.८ सेंटिमीटरच आहे. रुंदी ८० मीटरवर आण, उचल ६ च्या आत येईल. किंवा लंब उभा की आडवा हे बघून प्रत्येकाला त्याचा टेक्सेल दे.

सरपटण्याचं माझ्याकडं खात्रीचं उत्तर नाही. कॅमेरा हलल्यानं होत असतं तर बॉक्स टेक्सेलच्या पटीत सरकवून थांबलं असतं, पण सूर्यच फिरला की अख्खी जाळी फिरते. मी सूर्य थोडा थोडा उडवत नेते आणि दोन स्थितींमधल्या सावल्या एकमेकींत मिसळते, त्याला दोन मॅप लागतात. कुणी याहून बरं केलं असेल तर मलाही हवंय.

तांबडा_पांढरा
फिल्टर ५ × ५ केला तर सरपटणं कमी दिसेल का?

पन्हाळकरीण
दिसेल, पण मग दीडच्या जागी अडीच टेक्सेल धर. उचल ५ सेंटिमीटर होईल. उंबऱ्याची सावली टिकते का ते करून बघ आणि इथं कळव.